पगला ऊन लागलं तर: नागपूरच्या दुपारची पहिली वीस मिनिटं

गुंडूला ऊन लागलं तेव्हा तो उन्हात नव्हताच. मे महिना, आमचा सगळ्यात वरचा मजला, आणि तो हॉलमध्ये कूलरसमोर पोट टेकून पडलेला. पावणेदोनला लाइट गेली, कूलर बंद पडला, आणि पाऊण तासात घरातल्या घरात त्याचं अंग 106 वर पोचलं. गुंडू पग आहे. तेव्हा वय पाच, वजन साडेदहा किलो, म्हणजे असायला हवं त्याच्यापेक्षा दोन-अडीच किलो जास्तच.

ज्यांच्या घरी पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, ल्हासा किंवा बॉक्सर आलाय आणि त्याचा हा नागपुरातला पहिलाच उन्हाळा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पर्शियन मांजरवाल्यांनीही वाचावं. मांजर तोंड उघडून धापा टाकताना दिसलं तर ते कुत्र्यापेक्षाही लवकर मनावर घ्यायचं असतं.

आधी नाकाचं समजून घ्या

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, तेव्हा नाकातला, जिभेवरचा आणि घशातला ओलावा वाळतो आणि त्या वाळण्यातून अंग थंड होतं. लांब नाकाच्या कुत्र्याकडे त्यासाठी नाकाच्या आत गुंडाळ्यांसारख्या हाडांवर ओल्या कातडीची भरपूर जागा असते. पगच्या अख्ख्या नाकाची लांबी आपल्या अंगठ्याच्या पेराएवढी. त्यात नाकपुड्या फटीसारख्या, आणि आतला मऊ टाळू गरजेपेक्षा लांब, श्वासनळीच्या तोंडावर लोंबणारा. त्यामुळे प्रत्येक श्वास त्याला जोर लावून ओढावा लागतो. जोर लावला की स्नायूंची उष्णता वाढते, आणि जोरजोरात हवा आत-बाहेर होऊन टाळू सुजतो. टाळू सुजला की वाट आणखी अरुंद. हे चाक एकदा फिरायला लागलं की आपोआप थांबत नाही. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवर 2020 साली एक मोठा अभ्यास आला. त्यात लॅब्रॅडॉरच्या मानाने पगला उष्णतेचा आजार होण्याची शक्यता तिप्पट आणि बुलडॉगला जवळपास चौदापट निघाली. तीही तिथल्या उन्हाळ्यात!

आता आपली दुपार धरा. कुत्र्याच्या अंगाचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 39 सेल्सिअस. बाहेर 45. म्हणजे हवाच त्याच्या अंगापेक्षा गरम. कोरड्या कुत्र्यावर पंखा लावला तर त्याला थंडावा मिळत नाही, उलट गरम हवेचा मारा होतो. थंडावा देतं ते फक्त वाळणारं पाणी. पुढचे सगळे उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत.

ओळखायचं कसं: आधी कानाने

चपट्या नाकाच्या कुत्र्याचं एक फसवं असतं. तो एरवीही घोरतो, फुरफुरतो, आणि घरातल्यांना त्याची सवय होते. म्हणून आजच, तो बरा असताना, त्याच्या श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आवाजासकट मोबाइलवर घेऊन ठेवा. एक झोपेतला, एक फिरून आल्यावरचा. झोपेत मिनिटाला श्वास किती तेही मोजा. गार खोलीत गाढ झोपलेल्या कुत्र्याचे श्वास तीसच्या आतच असावेत. दुपारी शंका आली की हा व्हिडिओ लावून पाहायचा. बिघाड लगेच कानाला कळतो.

पहिली खूण आवाजाचीही नसते. कुत्रा टिकून पडत नाही. लादीवर आडवा होतो, उठतो, मोरीच्या दारात जातो, तिथून पलंगाखाली. मग बसतो पण पडत नाही. कोपरं बाहेर काढून, मान पुढे ताणून, ओठ मागे ओढून बसतो. पुष्कळ लोकांना वाटतं तो हसतोय. तो हवा ओढत असतो.

मग आवाज बदलतो. नेहमीचं ओलं घोरणं करवतीसारखं खरखरीत होतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे श्वास आत घेताना बारीक शिटी. ही शिटी ऐकू आली की श्वासनळीचं तोंडच आवळत चाललंय असं समजा. थर्मामीटर काहीही सांगो, दवाखान्याची तयारी तेव्हाच सुरू करायची.

जीभ बघा. टोकाला उलथण्यासारखी रुंद होऊन वर वळली असेल आणि लाळ तारेसारखी चिकट झाली असेल तर अंग खूप तापलंय. हिरड्या आधी गडद लाल होतात, विटेसारख्या, आणि पुढे निळसर किंवा राखाडी पडतात. बोटाने हिरडी दाबून सोडा. पांढरा झालेला डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. काही पगच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तिथे रंग कळत नाही. मग जीभ नाहीतर खालच्या पापणीची आतली बाजू बघायची.

चाल झोकांडली, नावाला ओ देईना, नजर कुठेतरी लागून राहिली, उलटी झाली, पातळ शी झाली, त्यात रक्त दिसलं, झटका आला, यातलं काहीही दिसलं तर तो उष्माघातच समजून कामाला लागा. आणि एक गोष्ट नवीन लोक हमखास चुकतात. इतका वेळ जोरात धापा टाकणारा कुत्रा अचानक शांत झाला आणि अंग अजून तापलेलंच आहे, तर त्याला बरं वाटलेलं नाही. तो थकलाय. तिथून पुढे मिनिटं मोजायची असतात.

थर्मामीटर साधा डिजिटल, मेडिकलमधून आणलेला चालतो, फक्त तो कुत्र्याचाच ठेवा. टोकाला व्हॅसलीन लावून शेपटीखालून साधारण एक इंच आत, बीप होईपर्यंत. 103 च्या वर आणि धाप थांबत नसेल तर थंड करायला सुरुवात. 105 च्या वर धोका, 106 च्या आसपास आतले अवयव भाजायला लागतात. थर्मामीटर सापडत नसेल तर शोधत बसू नका, पाणी घ्या.

त्या दुपारी काय झालं

अडीचला मी आतल्या खोलीतून बाहेर आलो ते शेजारच्या काकूंच्या आवाजाने. त्या दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "अरे, हा काऊन इतका घोरून राहिला? बघ ना जरा." गुंडू सोफ्याच्या पायाला टेकून बसला होता, मान ताणलेली, आणि प्रत्येक श्वासाला शिटी. थर्मामीटर लावला, 106.1.

त्याला उचलून बाथरूममध्ये नेलं, नळ सोडला, आणि माझाच हात भाजला. गच्चीवरची काळी टाकी सकाळपासून उन्हात. मे महिन्याच्या दुपारी तिच्यातून येणारं पाणी हे पाणी नसून काढा असतो. ते थोडं वाहू दिलं की गार येईल म्हणून मी मिनिटभर वाट पाहिली. गार येणार कुठून, टाकीच तापलेली! ही माझी पहिली चूक. दुसरी चूक लगेच केली. धाकट्या भावाने फ्रीजमधल्या बाटल्या आणल्या, मी टॉवेल भिजवून गुंडूच्या पाठीवर घातला आणि धरून ठेवला. दोन मिनिटांनी हात लावला तर टॉवेल आतून कोमट. अंगावर पडून राहिलेला ओला टॉवेल काही वेळाने गोधडीचं काम करतो, कारण त्याखालचं पाणी वाळतच नाही.

त्यानंतर जे केलं ते बरोबर होतं. तुम्ही सुरुवातच तिथून करा.

पहिली पायरी: जागा आणि गळ्यातला पट्टा. पट्टा काढा. वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला असतो, म्हणून खालच्या मजल्यावर, जिन्याखाली किंवा सावलीतल्या वाऱ्याच्या जागी न्या. आम्ही त्याला उत्तरेकडच्या गॅलरीत नेलं, तिथे सावली होती आणि झळा येत होत्या. झळा ऐकून दचकू नका. कोरड्या कुत्र्याला झळा मारतात, पण चिंब भिजलेल्या कुत्र्याला त्याच झळा गार करतात, माठ गार होतो तसंच. आपल्या मे महिन्याच्या हवेत ओलावा इतका कमी असतो की पाणी झपाट्याने वाळतं.

दुसरी पायरी: पाणी. माठातलं, फिल्टरमधलं, जमिनीखालच्या टाकीतलं, सकाळीच भरून ठेवलेल्या बादलीतलं, जे हाताला गार लागेल ते. बर्फाळ पाण्याने रक्तवाहिन्या आवळतात म्हणून ते अजिबात वापरू नका, असं पूर्वी सांगायचे. आता मत बदललंय. कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलेलं कुठलंही पाणी चालतं, अमुकच हवं म्हणून थांबणं जास्त घातक. फ्रीजचं पाणी बादलीत मिसळलं तर उत्तमच. ओतायचं मानेपासून खाली: छाती, काखा, पोट, जांघा, पाय. डोक्यावरून ओतू नका. पगच्या नाकपुड्या डोळ्यांच्या लगेच खाली असतात, पाणी थेट नाकात जातं. त्याच कारणाने त्याला टबात बुडवण्यापेक्षा ओतणं आणि वारा घालणं बरं, विशेषतः कुत्रा वयस्क असेल किंवा शुद्धीत नसेल तर. शिह त्झू, ल्हासावाल्यांनी केसांत बोटं घालून पाणी कातडीपर्यंत पोचवायचं. वरचे केस भिजून आतला कुत्रा कोरडाच राहिला असं सर्रास होतं.

तिसरी पायरी: वारा. लाइट असेल तर टेबलफॅन जवळ घ्या. आमच्याकडे नव्हती, भावाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून वारा घातला. अंग वाळत आलं की परत पाणी, परत वारा. दोघं असतील तर एकाने फक्त वाराच घालायचा.

चौथी पायरी: मोजत राहणं. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर. गुंडूचं 2:43 ला नीट सुरू केलं, 2:50 ला 105.2, 2:57 ला 104.1, आणि तीन वाजता 103.5. तिथे पाणी थांबवलं आणि कोरड्या फडक्याने टिपून घेतलं. हा आकडा पाठ करा. 101 येईपर्यंत ओतत राहिलं तर अंग त्याच्याही खाली घसरतं, कारण थांबल्यावरही तापमान काही वेळ उतरतच असतं. कुत्रा थरथरायला लागला तरी थांबा, कुडकुडण्यातून उष्णताच तयार होते. थर्मामीटर नसेल तर दहा मिनिटं हे सगळं करा आणि निघा, वाटेत बाटलीने अंग ओलं ठेवत.

प्यायला पाणी समोर ठेवा. त्याने स्वतःहून चार घोट घेतले तर घेऊ द्या. घशात ओतायचं नाही, चमच्याने नाही, पिचकारीने नाही. सुजलेल्या घशाच्या कुत्र्याचं पाणी फुप्फुसात जातं आणि मग न्यूमोनिया.

काकूंचा कांदा

मी पाणी ओतत असताना काकू धावत जाऊन किसलेला कांदा घेऊन आल्या. आपल्याकडे ऊन लागलं की तळपायाला कांदा चोळायचा, खिशात कांदा ठेवायचा ही रीतच आहे, आणि त्यांच्या मनात काळजीच होती. पण कांदा कुत्र्याला विष आहे. तो तांबड्या पेशी फोडतो, आणि तळपायाला लावलेलं कुत्रा चाटतोच. हात जोडून परत पाठवला. कैरीचं पन्हं, मीठ-साखरेचं पाणी, ग्लुकॉन यापैकी काहीही त्या वेळी तोंडात घालायचं नाही.

क्रोसिनची गोळीही नको. ताप आणि उष्माघात यांत फरक आहे. तापात शरीरच आपलं तापमान वर नेतं आणि गोळी ते खाली आणते. उष्माघातात शरीर तापमान खाली आणायला धडपडतंय आणि जमत नाही, तिथे गोळीचा उपयोग शून्य. वर पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या लिव्हरला, किडनीला आणि पोटाला बाधतं.

दवाखान्यात कसं जायचं

आधी थंड करायचं, मग निघायचं. भर दुपारी ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं 106 चा कुत्रा मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा ती वीस मिनिटं घरी पाण्यात गेलेली बरी. निघताना एकाने फोन करायचा. आम्ही एवढंच सांगितलं: "पग आहे, साडेदहा किलो, ऊन लागलंय, 106.1 होतं, सतरा मिनिटं पाणी घातलं, आता 103.5 आहे, श्वासाला शिटी आहे." शिटीचं आवर्जून सांगा. चपट्या नाकाच्या कुत्र्याला ऑक्सिजन लागतो, काही वेळा झोपेचं औषध देऊन नळी घालावी लागते, आणि आधी कळलं तर ते तयार राहतात.

गाडी उन्हात उभी असेल तर भावाला आधी पाठवून दारं उघडी टाका, एसी चालू करा, पाच मिनिटांनी कुत्रा ठेवा. बंद गाडी ही भट्टी असते. गाडी नसेल तर ऑटो चालतो, अंग ओलं ठेवलं तर वाऱ्याचा फायदाच होतो. तोंडाला जाळी बांधायची नाही, पिंजऱ्यात कोंबायचं नाही, मांडीवर पालथा ठेवायचा आणि हनुवटी हातावर.

कुठे जायचं हे एप्रिलमध्येच ठरवा. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहे, शिवाय तुमच्या भागातला खासगी डॉक्टर. दोन्हींकडे आजच फोन करून दुपारी दोन ते पाच कोण असतं, रविवारी काय, ऑक्सिजन आहे का, हे विचारून घ्या. मी ज्या पहिल्या ठिकाणी फोन लावला तिथे दुपारचं शटर बंद होतं. दुसरीकडे जाण्यात आणखी वेळ गेला.

गुंडू गाडीत बसल्यावर शेपटी हलवायला लागला आणि भाऊ म्हणाला, "झालं ना बरं, चल घरी." घरी गेलो नाही ते बरं. अंग थंड झालं तरी आत जे भाजायचं ते भाजलेलं असू शकतं. आतड्याचं अस्तर, किडनी आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांचा बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडा पडतो. त्याला सलाइन लावलं, रक्त तपासलं, रात्री दहापर्यंत ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. घरी तीन दिवस मी चार गोष्टी पाहत होतो: लघवी होते का आणि तिचा रंग चहासारखा तर नाही, शी काळी तर नाही, पोटावर किंवा हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का, आणि उलटी. यातलं एकही दिसलं असतं तर त्याच तासाला परत. गुंडूला तिसऱ्या दिवशी भूक लागली.

घरातली तयारी, आणि कूलरचा एक धोका

आता आमच्या बाथरूममध्ये एप्रिल ते जून सकाळी सहाला दोन बादल्या भरून झाकून ठेवतो. त्यांना घरात "गुंडूच्या बादल्या" म्हणतात, त्यातून कोणी हात धुतला तरी ओरडा बसतो. नवतपाच्या दिवसांत फिरणं सकाळी साडेपाचला, दहा-पंधरा मिनिटं, आणि रात्री नऊनंतर डांबराला हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली तरच. पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. आणि वजन. गुंडू आता आठ किलोवर आणलाय, गळ्याभोवतीची चरबी उतरली आणि त्याचं घोरणंच बदललं. माझ्या मते सगळ्या उपायांत हा सगळ्यात मोठा, आणि घरातल्या आजी-आजोबांमुळे सगळ्यात अवघड.

कूलरचं मात्र नीट समजून घ्या. मे महिन्यात कूलर पगसाठी वरदान आहे, पण खिडकी किंवा दार उघडं असेल तरच. खोली बंद करून कूलर चालवला तर तासाभरात हवा दमट होते, आणि दमट हवेत कुत्र्याच्या जिभेवरचं पाणी वाळत नाही. मग खोली 32 वर असली तरी तो धापा टाकत राहतो. मृग लागला, ढग आले, हवा चिकट झाली की हेच खोली उघडी असतानाही होतं. पारा 40 च्या खाली आला म्हणून आपण निर्धास्त होतो आणि पगला नेमका तेव्हा त्रास होतो. त्या दिवसांत कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, एसी असेल तर दुपारी तोच. लादीवर हात फिरवून पाहा. ओलसर लागली की पंप बंद करायची वेळ झाली.